भाव वीस टक्के पडला, भांडवल साडेबेचाळीस टक्के गेलं

ब्रोकरच्या ॲपवर शेअर घेताना ‘एमटीएफ’ असा पर्याय दिसतो. काही पैसे तुमचे, बाकीचे ब्रोकरचे. घेतलेले शेअर ब्रोकरकडे तारण राहतात आणि व्याज रोज चढतं.

समजा, तुमच्याकडे एक लाख रुपये आहेत. आणखी एक लाख उधार घेऊन तुम्ही 500 रुपये भावाचे 400 शेअर घेतले. व्याज वर्षाला 15 टक्के धरू. दोन महिन्यांत भाव 400 वर आला. शेअरची किंमत आता 1,60,000 रुपये. देणं मात्र कमी झालेलं नाही, उलट 2,500 रुपये व्याज धरून ते 1,02,500 झालं. तुमचे उरले 57,500. वीस टक्क्यांची घसरण, पण तुमचं भांडवल साडेबेचाळीस टक्क्यांनी आटलं.

पुढची घसरण याहून बोचरी ठरते. सुरुवातीला तुमच्या प्रत्येक रुपयामागे दोन रुपयांचे शेअर होते, आता जवळपास पावणेतीन रुपयांचे आहेत. त्यामुळे भाव आणखी एक टक्का पडला तर तुमचे पावणेतीन टक्के जातात.

माझ्या मते खरा फटका मात्र यानंतर बसतो. समजा, शेअरच्या किमतीच्या 40 टक्के रक्कम तुमची असलीच पाहिजे, अशी ब्रोकरची अट आहे. म्हणजे 64,000 हवेत. 6,500 कमी पडतात. ते भरा, असा निरोप येतो. यालाच मार्जिन कॉल म्हणतात. मुदतीत पैसे भरले नाहीत, तर ब्रोकर तुमचे शेअर विकून कर्ज कमी करतो. अट पुन्हा पुरी व्हायला 6,500 चे शेअर विकून भागत नाही, 16,250 चे विकावे लागतात. म्हणजे 41 शेअर, तेही पडलेल्या भावाला.

नंतर भाव पुन्हा 500 वर गेला असं धरा. उरलेले 359 शेअर 1,79,500 रुपयांचे होतात. देणं 86,100. तुमच्या हाती 93,400, आणि नंतरचं व्याज यातून अजून वजा व्हायचं आहे. स्वतःच्या एक लाखात 200 शेअर घेऊन गप्प बसलेल्याचं यात काहीच गेलेलं नसतं. त्याला वाट पाहता आली, तुम्हाला ती सोय नव्हती.

घरातले जुने शेअर तारण ठेवून कर्ज काढलं, तरी हेच घडतं. मग ते पैसे लग्नात खर्च झाले असोत की घरदुरुस्तीत. तारणाची किंमत घसरली की बँक जादा तारण किंवा रोख मागते.

असे निरोप हजारो लोकांना एकाच वेळी जातात, कारण बाजार सगळ्यांसाठी एकदमच पडतो. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. अशा दिवशी सक्तीची विक्री भाव आणखी खाली ओढते. छोट्या कंपनीच्या शेअरला लोअर सर्किट लागलं, तर विकायला ग्राहकच मिळत नाही. आपल्या उदाहरणात भाव 256 रुपयांच्या खाली गेल्यावर शेअर विकले गेले, तर सगळे विकूनही कर्ज फिटत नाही आणि उरलेली रक्कम ब्रोकर तुमच्याकडून वसूल करतो.