नव्या सहकाऱ्याला जाणारा पहिला संदेश

‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपण दि. ३ जून रोजी सकाळी १० वाजता लेखा विभागात हजर राहावे. सोबत मूळ प्रमाणपत्रे, पॅनकार्ड व दोन छायाचित्रे आणावीत.’ नव्या सहकाऱ्याला जाणाऱ्या या संदेशात चूक एकही नाही. तरी तो वाचून आपली कोणी वाट पाहत आहे, असे वाटत नाही. ‘कळविण्यात येते’ म्हणताना कळवणारा माणूस गायब होतो आणि ‘हजर राहावे’ तर थेट समन्समध्ये शोभावे असे. शिवाय नवख्याला खरोखर पडलेले प्रश्न, म्हणजे गेल्यावर भेटायचे कोणाला, बसायचे कुठे, दुपारी जेवायचे कोणाबरोबर, यांना त्यात उत्तरच नाही.

अशा वेळी सहसा वरून ‘हार्दिक स्वागत’ जोडले जाते, चार उद्गारचिन्हे पडतात. त्याने फरक पडत नाही, कारण तेच शब्द कोणालाही पाठवता येतात. जे वाक्य फक्त याच व्यक्तीला लिहिता येईल, त्यानेच ओलावा येतो. तोच संदेश असा लिहिता येईल:

‘नमस्कार. ३ जूनला सकाळी १० वाजता तुम्ही लेखा विभागात रुजू होत आहात. आम्ही वाट पाहतो आहोत. जीएसटीची विवरणपत्रे सध्या दोघेच सांभाळतात, त्यामुळे तुमच्या अनुभवाचा मोठा आधार होईल. दुसऱ्या मजल्यावर सावंत मॅडमना भेटा, त्या तुमची जागा दाखवतील. दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवतो. पहिल्या दिवशी डबा आणू नका. मूळ प्रमाणपत्रे, पॅनकार्ड आणि दोन फोटो मात्र आणायलाच हवेत, त्याशिवाय नोंदणी होत नाही. काही अडले तर मला फोन करा.’

तारीख, वेळ, कागदपत्रे, सगळे जसेच्या तसे आहे. बदलले ते एवढेच, की लिहिणारा ‘आम्ही’ आणि ‘मला’ म्हणून समोर आला आणि अटीला तिचे कारण मिळाले. अट मात्र सैल झालेली नाही. ‘जमल्यास कागदपत्रे आणा’ असे लिहिले असते, तर वाक्य मऊ झाले असते, पण रुजू होणाऱ्याला पहिल्याच दिवशी घरी परतावे लागले असते. परिविक्षेचा काळ किंवा पगार अशा गोष्टी तर नियुक्तिपत्राच्या काटेकोर भाषेतच राहू द्याव्यात.

विभागातल्या इतरांना ओळख करून देताना वेगळी काळजी लागते. तिथे स्तुती वाढली की नवख्याला दडपण येते आणि जुन्यांच्या भुवया उंचावतात. आधीच्या व्यक्तीशी तुलना तर नकोच. घरची माहिती त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय देऊ नये.

आणि लिहिले ते खरे असावे. विभागात एकत्र जेवायची पद्धतच नसेल, तर डब्याचे वाक्य टाकू नये. त्यापेक्षा मूळचा कोरडा संदेश बरा.