खोका नेमका कुठे ठेवायचा?

भिवंडीतल्या एखाद्या औषधांच्या गोदामात पंधरा वर्षे काम केलेला माणूस असतो. खोकल्याचे अमुक औषध कुठे आहे, असे विचारले की तो मान वर न करता सांगतो, "तिसऱ्या खांबाच्या मागे, पंख्याखाली." तो लग्नाला गावी गेला की दुपारपर्यंत चारजण तोच खोका शोधत फिरतात, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत उभा असतो. ईआरपी प्रणालीतला गोदामाचा भाग बसवायचा, तर त्या माणसाच्या डोक्यातला नकाशा तीन प्रश्नांत मांडावा लागतो. जागेचे नाव काय? आलेला माल कोणत्या जागी जावा? आणि ऑर्डर आली की कोणत्या जागेवरून उचलावा?

नाव देणे सोपे वाटते, पण पहिली चूक तिथेच होते. रॅकना `A-1`, `A-2` असे करत `A-12` पर्यंत क्रमांक दिले, असे समजू. बेल्जियममध्ये तयार झालेल्या ओडू या प्रणालीत सर्वांत जवळच्या जागेवरून माल उचलण्याची एक पद्धत आहे. मात्र 'जवळ' म्हणजे किती पावले, हे प्रणालीला कळत नाही. ती जागांची नावे अक्षरक्रमाने लावते आणि यादीत वर येईल ती जागा जवळची मानते. अक्षरक्रमात `A-1` नंतर `A-10`, `A-11`, `A-12` येतात आणि मग `A-2` येते. त्यामुळे एकच औषध `A-2` आणि `A-10` या दोन्ही रॅकवर असेल, तर कामगाराला दूरच्या दहाव्या रॅककडे धाडले जाते. `A-01`, `A-02` असे शून्य लावून नाव दिले की हा घोळ संपतो. म्हणून पाट्या रंगवण्याआधीच ते शून्य ठरवून घ्यावे, कारण एकदा चिकटवलेले शेकडो बारकोड बदलणे फार जिवावर येते.

आता आलेला माल. या कामाला गोदामात सरळ 'पुटअवे' म्हणतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या प्रणालीत प्रत्येक वस्तूसाठी आणि जागेसाठी एक नियम लिहिता येतो. ही वस्तू या जागी ठेवावी, तिथे तिचे जास्तीत जास्त इतके नग मावतात आणि या जागेचा प्राधान्यक्रम इतका, एवढीच माहिती त्यात असते. माल मिळाल्याची नोंद करताना `Apply Putaway Rule` या खुणेवर टिक केली की प्रणाली वाटणी करून देते.

समजा, खोकल्याच्या सिरपचे ५० खोके आले. पॅकिंगच्या टेबलाजवळचा `A-02` पहिल्या प्राधान्याचा आणि त्यात २० खोके मावतात. मागच्या भिंतीजवळचा `D-07` दुसऱ्या प्राधान्याचा, मावतात ३०. `A-02` मध्ये आधीचे ८ खोके आहेत, म्हणून तिथे १२ जातात. `D-07` रिकामा आहे, तिथे ३० जातात. उरलेल्या ८ खोक्यांना जागाच मिळत नाही, आणि प्रणाली तसे सांगते. हे ८ खोके म्हणजे मुकादमाला मिळालेला इशाराच असतो. मात्र घाईच्या वेळी ते रिकाम्या दिसेल त्या फळीवर सरकवले जातात आणि नोंद राहून जाते.

या नियमात एक खाच आहे, ती गोदाम चालवणाऱ्याला ठाऊक असायलाच हवी. ईआरपीनेक्स्ट मोकळी जागा मोजते ती एका वस्तूपुरती: त्या वस्तूची ठरवलेली क्षमता वजा तिथला त्याच वस्तूचा साठा. त्याच `A-02` वर जलसंजीवनीच्या पाकिटांचाही १५ खोक्यांचा नियम लिहिला असेल, तर दोन नियमांना एकमेकांची खबर नसते. पडद्यावर दोन्ही मालांना जागा आहे, आणि रॅकसमोर उभा कामगार मात्र खोका हातात घेऊन अडलेला. एका कप्प्यात एकच वस्तू, ही शिस्त अशा गोदामात पाळावीच. नाही जमली, तर दोन्ही क्षमता मिळून कप्प्याच्या खऱ्या मापात बसतील, अशा लिहाव्यात.

माल उचलणे हे औषधांच्या बाबतीत सर्वांत नाजूक काम. किराणा दुकानदार पहिला आलेला माल पहिला काढतो. औषधांत तो नियम फसतो. एक बॅच जूनमध्ये आली आणि तिची मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहे. दुसरी जुलैमध्ये आली, पण पुरवठादाराकडेच बराच काळ पडून असल्याने तिची मुदत याच डिसेंबरला संपते. पहिला आलेला पहिला, असे चालले तर जुलैची बॅच फळीवरच मरते. म्हणून इथे जिची मुदत आधी संपते ती बॅच आधी बाहेर, असा क्रम लावतात. गोदामाच्या बोलीत त्याला 'फेफो' म्हणतात.

ओडूमध्ये हा क्रम लावताना प्रणाली छापील एक्स्पायरी पाहत नाही. ती `Removal Date` पाहते, म्हणजे कोणत्या दिवशी माल फळीवरून काढून घ्यायचा ती तारीख. एक्स्पायरीच्या किती दिवस आधी, हे औषधाच्या नोंदीत लिहिलेले असते. दुकानदार अगदी मुदत संपत आलेला माल घेत नाहीत, म्हणून ही सोय योग्यच आहे. पण एखाद्या बॅचची ही तारीख कुणी हाताने बदलली, तर क्रम छापील तारखेशी जुळत नाही. त्यामुळे प्रणाली भलतीच बॅच काढते असे वाटले, की आधी ही तारीख तपासावी.

दुसरे कारण आणखी लपलेले असते. कोणती बॅच जायची, हे कामगार रॅककडे निघतो तेव्हा ठरत नाही. ऑर्डरसाठी माल राखून ठेवला जातो, त्या क्षणी ठरते. सोमवारी एका ऑर्डरसाठी मार्चची बॅच राखली गेली. मंगळवारी डिसेंबरची बॅच गोदामात आली. बुधवारी माल निघाला, तो मार्चचाच. प्रणालीने नियम मोडलेला नाही; सोमवारी तिच्यासमोर दुसरी बॅचच नव्हती. लवकर संपणारा माल नव्याने आला, की प्रलंबित ऑर्डरींवर `Unreserve` करून पुन्हा `Check Availability` दाबावे लागते. तेव्हा कुठे डिसेंबरची बॅच पुढे येते.

राहता राहिला तो नोंद न करता सरकवलेल्या ८ खोक्यांचा प्रश्न. सावध मुकादम ते वेळीच पकडतो. साठा मोजताना तो औषधाची बेरीज पाहून थांबत नाही, जागेनुसार फरक मांडतो. `A-02` मध्ये नोंदीपेक्षा ८ कमी आणि `A-03` मध्ये त्याच औषधाचे ८ जास्त, म्हणजे बेरजेत फरक शून्य. हा माल चोरीला गेलेला नाही, शेजारच्या कप्प्यात बसला आहे. नुसती बेरीज पाहणाऱ्या हिशेबनिसाला गोदाम चोख वाटते, आणि `A-02` समोर उभा असलेला कामगार सांगतो, "शेठ, पडद्यावर आहे, पण इथं एकही खोका नाही."