वर्तुळातला E काय सांगतो?

हेल्मेटच्या पट्ट्यावर, हेडलाइटच्या काचेवर किंवा टायरच्या बाजूला कधी नीट पाहिलंत, तर एका छोट्या वर्तुळात E आणि त्याला लागून एक आकडा दिसेल. E म्हणजे युरोप आणि आकडा म्हणजे दर्जा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आकडा एका देशाचा आहे.

१९५८ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाहनांच्या सुट्या भागांबद्दल एक करार झाला. एका सदस्य देशाने तपासून मंजूर केलेला भाग इतर सदस्यांनी पुन्हा न तपासता स्वीकारायचा, असा त्याचा गाभा. प्रत्येक देशाला एक क्रमांक मिळाला. 1 जर्मनी, 2 फ्रान्स, 3 इटली, 4 नेदरलँड्स, 9 स्पेन, 11 ब्रिटन. पुढे जपान आला, त्याचा 43. म्हणजे करार युरोपपुरता राहिलेला नाही. भारत मात्र या करारात नाही, म्हणून आपला क्रमांकही नाही.

समजा, हेल्मेटच्या पट्ट्याला शिवलेल्या कापडी लेबलवर वर्तुळात E4 आणि खाली `061406/P-1952` असं आहे. E4 म्हणजे मंजुरी नेदरलँड्सने दिली. पहिले दोन आकडे, 06, म्हणजे हेल्मेटच्या नियमाची सहावी सुधारणा. 1406 हा मंजुरीचा क्रमांक. P म्हणजे हनुवटीचा भाग खरंच संरक्षण देतो. तिथे J असेल तर हेल्मेट समोरून उघडं आहे, आणि NP असेल तर हनुवटीपुढचा भाग असूनही तो संरक्षण देत नाही. शेवटचा 1952 त्या हेल्मेटचा उत्पादन क्रमांक.

यात हेल्मेट कुठे बनलं, हे कुठेच नाही. भारतात किंवा चीनमध्ये बनलेलं हेल्मेटही नेदरलँड्सकडून मंजुरी घेऊ शकतं. टायरचंही तसंच. E4 दिसला म्हणून तो डच टायर ठरत नाही.

हेडलाइटवर याच खुणेजवळ एक बाण शोधा. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे दिव्याचा झोत डाव्या कडेला थोडा वर आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली हवा. असा दिवा समोरून पाहिला, तर बाण आपल्या उजव्या हाताकडे असतो. दोन्ही टोकांचा बाण म्हणजे दिवा दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला असा दिवा लावला, तर E खूण असूनही समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडेल.

आणि एक गोष्ट हेल्मेट घेताना. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय खूण सक्तीची आहे. नुसती E खूण आपल्या रस्त्यावर कायद्याला पुरत नाही. म्हणून आधी आयएसआय पाहा, मग पट्टा उलटून E4 आहे की E9, ते वाचा.