कोरडा दुष्काळ, ओला दुष्काळ : चाळीस पानांतल्या सतरा जमिनींचे गणित

गेली काही वर्षे मी जुन्या पत्त्यांचा नाद करतो आहे. सुरुवात सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यापासून झाली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने. गंजिफा असो की आपला नेहमीचा बावन्न पानांचा कॅट असो, एक गोष्ट ठरलेली असते. पाने सगळ्यांसाठी तीच, आणि वाटपात जे येईल ते निमूट घ्यायचे. वाईट पाने आली तर दोष नशिबाला देता येतो.

म्हणून माझ्या भाच्याने पुण्यात मला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ दाखवला, तेव्हा मी चक्रावलो. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत बाजारात आला. यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः जुळवतो. त्याला खेळाडू डेक म्हणतात. पिसणे आणि ओढणे नशिबाचे, पण कशातून ओढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. मग वाईट हात आला तर दोष कोणाचा? या प्रश्नाने मला बराच काळ पछाडले. त्याचे जे उत्तर सापडले ते इथे मांडतो.

आधी खेळापुरती माहिती. पाने मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक लँड, म्हणजे जमीन. दुसरे स्पेल, म्हणजे मंत्र; त्यात लढणारे जीवही आले. मंत्राला किंमत असते आणि ती जमिनीतून मिळणाऱ्या शक्तीने, म्हणजे 'माना'ने, फेडायची असते. एक साधी जमीन दर पाळीला एक माना देते. कळीचा नियम असा की एका पाळीत हातातली एकच जमीन खाली मांडता येते. चार किमतीचा मंत्र चौथ्या पाळीला खेळायचा, तर तोवर चार जमिनी हाती आलेल्या हव्यात. जमिनी कमी आल्या तर हातात उत्तम मंत्र असूनही ते नुसते धरून बसावे लागते. जास्त आल्या तर शक्ती भरपूर, पण ती खर्चायला काही नाही. आपल्या भाषेत पहिला कोरडा दुष्काळ आणि दुसरा ओला.

चाळीस पानांचा डेक लागतो तो 'ड्राफ्ट' या प्रकारात. साधारण आठ जण गोल बसतात. प्रत्येकजण बंद पाकीट फोडतो, त्यातले एक पान ठेवतो आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो. अशी तीन पाकिटे संपली की प्रत्येकाकडे चाळीस-पंचेचाळीस पाने जमतात. त्यातली तेवीसेक निवडायची आणि साध्या जमिनी हव्या तितक्या मिळतात त्या मिसळायच्या. चाळीसपेक्षा जास्त पाने ठेवता येतात, पण एकेचाळिसावे पान म्हणजे तुमच्या उत्तम पानांच्या वाट्याला लावलेले पाणीच. शहाणा खेळाडू बरोबर चाळीसवर थांबतो.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी पंचवीस मंत्र आणि पंधरा जमिनी घेतल्या. जमीन हे रिकामे पान, मंत्र हे कामाचे, तर कामाची पाने जास्त असावीत, असा माझा हिशेब. शिवाय त्या पंचविसांत आठ मंत्र पाच किंवा त्याहून अधिक किमतीचे होते, कारण तीच पाने सर्वांत देखणी होती. तिन्ही सामने हरलो. दोन सामन्यांत तीन जमिनींवरच अडकून राहिलो. मी म्हणालो, "नशीब!" भाचा माझी पाने मोजत म्हणाला, "मामा, नशीब नाही. तू पंधराच जमिनी घातल्यास."

खेळाडूंमध्ये रूढ सल्ला सतरा जमिनी आणि तेवीस मंत्र असा आहे. सतराच का, हे मला समजून घ्यायचे होते. माझे गणिताचे शिक्षण शाळेबरोबर संपलेले, म्हणून पुस्तक उघडण्याआधी पत्ते काढले. दिवाळीत घरोघरी पत्ते निघतातच. वाचकांनीही हे करून पाहावे. नेहमीच्या कॅटमधून सतरा लाल आणि तेवीस काळी पाने घ्या. लाल म्हणजे जमीन, काळी म्हणजे मंत्र. नीट पिसून वरची सात पाने उचला, कारण खेळाची सुरुवात सात पानांनी होते. लाल किती आली ते लिहा, पाने परत मिसळा, पुन्हा पिसा.

यामागचा हिशेब अवघड नाही. सातांत एकही लाल न येण्यासाठी पहिले पान काळे हवे, त्याची शक्यता चाळिसात तेवीस. दुसरेही काळे हवे, आता एकोणचाळिसात बावीस. असे सात गुणाकार केले की उत्तर शेकडा १.३ येते. याच रीतीने नेमकी एक लाल येण्याची शक्यता शेकडा ९.२ निघते. म्हणजे सतरा जमिनींच्या डेकमध्ये साधारण दहातला एक हात सुरुवातीलाच कोरडा असतो. दोन, तीन किंवा चार जमिनींचा बरा हात जवळजवळ शेकडा ऐंशी वेळा येतो.

आता जमिनींची संख्या बदलून पाहू. कसोटी एकच ठेवू : चौथ्या पाळीला चौथी जमीन हाती आहे का? आधी खेळणाऱ्याला पहिल्या पाळीत पान ओढता येत नाही, त्यामुळे चौथ्या पाळीपर्यंत त्याने दहा पाने पाहिलेली असतात. सोळा जमिनी असतील तर दहा पानांत सरासरी बरोबर चार येतात. कागदावर हे पुरेसे वाटते. पण सरासरी चार याचा अर्थ कधी सहा तर कधी दोन, आणि चारपेक्षा कमी येण्याची शक्यता शेकडा ३६ निघते. पंधरा जमिनींवर ती ४३ होते, सतरावर २९ आणि अठरावर २३. माझा पहिला डेक शंभरातल्या त्रेचाळीस वेळा चौथ्या पाळीला अडकणारच होता, आणि पाच किमतीचे मंत्र तर त्याच्याही पुढचे.

मग अठरा, एकोणीस का नाही? ओल्या दुष्काळामुळे. दहा पानांत सात किंवा अधिक जमिनी येण्याची शक्यता सोळावर शेकडा ३.२, सतरावर ४.९ आणि अठरावर ७.१ आहे. दर जमिनीगणिक कोरड्या दुष्काळाची भीती थोडी कमी होते, पण डेकमधला एक मंत्र जातो आणि लांबलेल्या सामन्यात रिकामी पाने वाढतात. सतरा हा या दोन भीतींमधला तोल आहे, आणि तो मंत्रांच्या किमतीवर अवलंबून आहे.

त्यासाठी माझा पुढचा डेक सांगतो. हिरवा आणि पांढरा असे दोन रंग. तेवीस मंत्रांपैकी एक किमतीचे दोन, दोनचे सात, तीनचे सहा, चारचे चार, पाचचे तीन आणि सहाचा एक. सरासरी किंमत तीनच्या किंचित वर. दोन-तीन किमतीची पाने सर्वाधिक, कारण दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला हात रिकामा राहिला तर समोरचा पुढे निघून जातो. असा डेक सतरा जमिनींवर नीट चालतो. पाच-सहा किमतीची पाने पुष्कळ असतील तर अठरावी जमीन घालावी. याउलट पाने स्वस्त असतील तर सोळा पुरतात. एक किमतीचा 'लॅनोवार एल्व्ह्ज' हा हिरवा जीव स्वतःच दर पाळीला एक हिरवा माना देतो. माझ्याकडे असे दोन होते, म्हणून भाचा सोळा सुचवत होता. मी सतराच ठेवल्या. एल्व्ह्ज खेळायलाही आधी जमीन लागते, आणि समोरच्याने तो मारला की शक्तीही गेली. कोरड्या हातावर तो उपाय नाही.

पुढचा प्रश्न रंगांच्या वाटणीचा. हिरवा मंत्र हिरव्या जमिनीवर, पांढरा पांढऱ्यावर. माझी तेरा पाने हिरवी आणि दहा पांढरी. सरळ प्रमाणाने दहा हिरव्या आणि सात पांढऱ्या जमिनी हव्यात. पण माझे सर्वांत बलवान पान 'सेरा एंजल' होते. त्याची किंमत पाच माना, त्यातले दोन पांढरेच लागतात. पाचव्या पाळीपर्यंत पाहिलेल्या अकरा पानांत दोन पांढऱ्या जमिनी असण्याची शक्यता सातावर शेकडा ६४, तर आठावर ७२. म्हणून नऊ-आठ अशी वाटणी केली. एखाद्या देखण्या पानासाठी तिसरा रंग घेऊन त्याच्या तीनच जमिनी घातल्या, तर शंभरातल्या सदतीस वेळा त्या अकरा पानांत त्या रंगाची एकही जमीन येत नाही.

कोरड्या हातावर नियमांनी एक सोय दिली आहे. हात नको असेल तर तो परत पिसून पुन्हा सात पाने घ्यायची, मात्र त्यातले एक डेकच्या तळाशी ठेवायचे. म्हणजे एक पान दंड. काही खेळाडू दुसराच उपाय करतात : दोन मंत्र, एक जमीन अशी पाने ओळीने लावतात आणि मग पिसतात. पिसणे पुरेसे झाले तर त्या ओळीचा काहीच उपयोग उरत नाही. उपयोग उरला, तर पिसणे अपुरे आहे आणि ती लबाडी ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे. दोष कोणाचा? अनेक खेळाडू म्हणतात, "मी पंधरावर वीस सामने खेळलो, काही बिघडले नाही." ते खरेच सांगतात. सतरावर वीस सामन्यांत सुरुवातीचे कोरडे हात साधारण दोन येतात, पंधरावर तीन-साडेतीन. हा फरक वीस सामन्यांत डोळ्यांना दिसूच शकत नाही. नशिबाची चढउतार त्याहून मोठी असते. त्यामुळे पंधरावाल्याला आपली चूक कळत नाही, आणि सतरावाला दोन कोरडे हात आले की घाबरून अठरावी जमीन घालतो.

मी आता वहीत सामन्यांचा निकाल लिहीत नाही. सामन्याआधी जमिनी किती, पाच आणि त्यावरची पाने किती, रंगांची वाटणी कशी, एवढेच लिहितो. हरल्यावर आधी तो आकडा तपासतो. आकडा बरोबर असेल, तर त्या दिवशीचा दोष नशिबाचा म्हणून सोडून देतो आणि डेकला हात लावत नाही. चुकीचा असेल तर दोष माझा, मग त्या दिवशी मी जिंकलेलो का असेना. गंजिफ्याच्या वाटपात ही दुसरी कबुली कधी द्यावी लागली नव्हती.