फुकट ट्रायल आणि कार्डाची मर्यादा

सांडोरमधले पालक विचारतात, अभ्यासाच्या ॲपची फुकट ट्रायल घ्यावी का? समजा, ७ दिवस मोफत, मग महिना ३९९ रुपये. सुरुवातीला एकदा ओटीपी दिला की पुढची वसुली आपोआप होते. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही.

म्हणून ट्रायल सुरू झाली की बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन मर्यादा १०० रुपयांवर आणा. ३९९ ची वसुली सहसा नाकारली जाईल. बँक व्हर्च्युअल कार्ड देत असेल तर तेच वापरा, म्हणजे रोजचं कार्ड अडत नाही.

पण मर्यादा म्हणजे सभासदत्व रद्द नव्हे. मर्यादा वाढवली की पैसे पुन्हा कापले जाऊ शकतात. ॲप मोबाइलमधून काढून टाकूनही ते रद्द होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीच्या २४ तास आधी बँक कळवते. पण त्याची वाट न बघता सहाव्या दिवशीच रद्द करा.