सहा कोडर म्हणजे टीम नव्हे

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून भरते आणि तिच्यासाठी टीम जमवायला बॅचच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो: ‘कोडिंग येणारे सहा जण हवेत.’ हॅकेथॉन म्हणजे फक्त कोडिंग, हा समज काही केल्या हटत नाही. सहा सदस्यांचा नियम खरा आहे. पण सहाही जण कोडरच हवेत असे नियमात कुठेही नाही. उलट वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी घ्यावेत, असेच आयोजक सुचवतात.

भंडारा जिल्ह्यातले उदाहरण घ्यावे. धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या माजी मालगुजारी तलावात, म्हणजे मामा तलावात, किती पाणी उरले हे मोबाइलवर दाखवायचे आहे. पाण्यावर टांगलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनीचा प्रतिध्वनी परतायला लागणाऱ्या वेळेवरून पाण्याची पातळी सांगतो. कोडर ती आलेखात मांडतो आणि काम झाले असे समजतो. इथेच चूक होते. तळाशी गाळ साचलेला असेल, तर पातळी तीच राहूनही साठा कमी असतो. जुन्या क्षमतेच्या तक्त्यावरून काढलेला आकडा मग फुगलेला येतो आणि शेवटचे पाणी मिळेल या भरवशावर बसलेला शेतकरी फसतो. ही चूक सिव्हिलच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येते, कारण तळाची मोजणी कशी करायची ते त्याला ठाऊक असते. वाऱ्याने लाटा उठल्या की आकडा उड्या मारतो. पाच-सात मोजण्यांमधला मधला आकडा घ्यावा, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला सुचते.

म्हणून मेसेज असा असावा: ‘मामा तलावाच्या पाणीसाठ्यावर हार्डवेअर गटात टीम. दोन मुलींसह चौघे ठरले. दोन जागा: एक तळाची मोजणी येणारा/री, एक सेन्सर जोडता येणारा/री. कॉलेजच्या फेरीपर्यंत रोज सायंकाळी ७ ते ८.३० आणि एक रविवार तलावावर. अंतिम फेरीत गेलो तर पाच दिवस बाहेरगावी. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत नाव, शाखा आणि स्वतः केलेल्या एका कामाचा फोटो लीडरला वैयक्तिक पाठवा.’

‘छत्तीस तासांचेच तर काम’ हेही अर्धसत्य आहे. छत्तीस तास सॉफ्टवेअर गटाच्या अंतिम फेरीचे; त्याआधी कॉलेजची अंतर्गत फेरी आणि कल्पनेचे सादरीकरण असते. मेसेजखाली उमटलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. फोटो पाठवणाराच आला असे धरावे. मुलगी घेणे ऐच्छिक नाही, किमान एक हवीच. आणि नागपूरच्या कॉलेजातला मित्र कितीही हुशार असला तरी भंडाऱ्याच्या टीममध्ये चालत नाही. सहाही जण एकाच संस्थेचे लागतात.