तोंड पाहून निकाल? अगदीच तोंडदेखला!

माहीत आहे का, नुसत्या नाकापायी चार्ल्स डार्विनची जगप्रसिद्ध सफर हुकता हुकता राहिली? 1831 साली ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉयने त्याचं नाक पाहिलं आणि नाक मुरडलं! असल्या नाकाच्या माणसात एवढ्या प्रवासाची धमक नसणार, असं त्याचं चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायचं ‘शास्त्र’ सांगत होतं. पुढे डार्विनने काय केलं, ते जगजाहीर आहे.

आता हेच कप्तानसाहेब कॉम्प्युटरमध्ये शिरलेत.

शांघायच्या दोन संशोधकांनी 2016 मध्ये धमाका केला. 1856 पुरुषांचे फोटो एका एआय सिस्टीमला दाखवले, त्यातले साधारण 730 गुन्हेगारांचे. दावा असा, की नुसत्या चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येतो, तेही जवळपास 90 टक्के अचूक! पुरावा काय? तर नाकाच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेषा काढल्या, की मधला कोन गुन्हेगारांमध्ये लहान भरतो.

चला, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा. आधी तोंड पाडून बघा, मग जरा हसा. ओठांचे कोपरे बाजूला सरकले ना? कोन मोठा झाला. अभिनंदन, तुम्ही दोन सेकंदांत सज्जन झालात!

नेमकी हीच गोम 2017 मध्ये तिघा अभ्यासकांनी पकडली. शांघायच्या शोधनिबंधात नमुन्यादाखल छापलेले गुन्हेगार कपाळाला आठ्या घालून बसलेले, ‘सज्जन’ मात्र गालात हसणारे. वर सज्जनांच्या गळ्याशी पांढरी कॉलर! गुन्हेगारांचे फोटो पोलिसांकडचे, बाकीचे इंटरनेटवरचे. म्हणजे सिस्टीमने स्वभाव ओळखला, की फोटो कुठून आला ते? माझं मत विचाराल तर, कॉलर टाइट करण्याजोगं यात काही नव्हतं.

कॉलरचं सोडा, पुस्तकांचं कपाट ऐका! जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पत्रकारांनी 2021 मध्ये नोकरीच्या मुलाखतीसाठी स्वभाव जोखणारी एक सिस्टीम तपासली. माणूस तोच, बोलणं तेच. चष्मा लावला, स्वभावाचे गुण बदलले. मागे पुस्तकांचं कपाट आलं, पुन्हा बदलले. म्हणजे नोकरी फर्निचरला द्यायची?

बरं, मूड तरी कळतो का? 2019 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की राग आलेली माणसं आठ्या घालतात ती साधारण 30 टक्के वेळाच. एरवी कुणी रडतं, कुणी चक्क हसतं. आणि आठ्या? त्या उन्हानेही पडतात, चष्मा विसरल्यानेही.

वयाची गंमत आठवतेय? 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वय ओळखणाऱ्या how-old.net वर सगळं जग फोटो टाकत सुटलं होतं. पण सिस्टीमला जन्मतारीख थोडीच दिसते? तिला दिसतात त्या सुरकुत्या, सावल्या आणि मेकअप. ट्यूबलाइट डोक्यावर असेल, तर डोळ्यांखाली सावली पडते आणि तुम्ही उगाच काका!

2022 मध्ये याच मायक्रोसॉफ्टने आपल्या फेस सर्व्हिसमधून वय आणि भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं जाहीर केलं. आणि युरोपीय संघात 2 फेब्रुवारी 2025 पासून ऑफिसात किंवा शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या सिस्टीमवर बंदी आहे. सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती.